कलम नऊ, साध्या मराठीत

कलम नऊ लिहिणारे साहेब, तुम्ही जे कुणी असाल, हे वाक्य तुम्ही लोकांना कळावं म्हणून लिहिलेलं नाही. लोकांनी वाचता वाचता दमावं आणि सही करून मोकळं व्हावं म्हणून लिहिलंय.

ज्योत्स्ना हे मनातल्या मनात म्हणाली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागली. वाक्य अर्धं पान चालत होतं. पूर्णविराम पुढे कुठेतरी आहे असं ती ऐकून होती, भेट झाली नव्हती. इंग्रजी कराराला वकिलाने मराठी भाषांतर जोडलं होतं. ते वाचलं की इंग्रजी सोपं वाटायचं.

सातपूरच्या शेडमधलं हे ऑफिस हर्षलचं. धान्य साफ करायची, दळायची, पाकिटं भरायची मशिनं ठरलेल्या पैशांत वर्षभर दुरुस्त ठेवायची, हा त्याचा धंदा. ज्योत्स्ना तिथे बिलं, मेल आणि फोन बघायची. नवं गिऱ्हाईक म्हणजे सुरगाण्याकडच्या बायकांनी काढलेली नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची कंपनी. करार तयार होता, सह्या अडल्या होत्या त्या ललिताताईंपाशी. कंपनीचा सगळा कागदी कारभार त्यांच्याकडे.

"पोरी, पैशाचं कलम काय आम्हाला समजलं नाय," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "इथल्या वकिलाला विचारलं तर तो म्हणे, असंच असतं. असंच म्हणजे कसं, ते त्यालापण नाय माहीत. तू साध्या मराठीत लिहून मेल कर. वाचते, मग सह्या."

"सरांना सांगते लिहायला."

"तुझ्या सरांना आम्ही कुठं ओळखतो? तुझ्या आईला ओळखतो. तूच लिही आणि खाली तुझं नाव टाक."

आई त्याच कंपनीची सभासद. नागली निवडायला रोज जायची. म्हणजे मेलमध्ये काही लपवलं तर त्याचा जाब ज्योत्स्नाला सातपुरात कुणी विचारणार नव्हतं. तो आईला निवडणीच्या सुपापाशी विचारला जाणार होता.

हर्षलला मात्र ही कल्पना फार आवडली. "झकास. तुझ्याच नावानं जाऊ दे. जरा गोड लिही."

तिने वाक्य तोडायला घेतलं. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'अन्यथा नमूद केल्याखेरीज' बाजूला काढले तेव्हा आत एक बारीकसं, कडक हाड निघालं. ते तिने जसंच्या तसं मांडलं.

"नमस्कार ललिताताई. कलम नऊचा अर्थ असा. दुरुस्तीला माणूस येऊन गेला की आम्ही बिल मेलने पाठवू. त्यात चूक वाटली तर सात दिवसांत लेखी कळवायचं. हे दिवस आम्ही मेल पाठवल्यापासून मोजले जातात, तुम्ही तो वाचल्यापासून नाही. तेवढ्यात काही कळवलं नाही, तर बिल तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. मग चूक सापडली तरी पूर्ण पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि आम्ही काम थांबवू शकतो. काम थांबलं तरी वर्षाचे ठरलेले पैसे कमी होत नाहीत. हा मेल फक्त समजण्यासाठी आहे. मेल आणि करार यांत फरक दिसला तर करारातलं खरं धरायचं."

हर्षलने स्क्रीनवर वाचलं. चहाचा कप हातातच राहिला.

"ही धमकी आहे का?"

"कलम नऊ आहे, सर."

"असं नाही लिहायचं गं. 'मेल पाठवल्यापासून' ते काढ. 'साधारण आठवडाभरात कळवावे' लिही. व्याज काढ, काम थांबवायचं काढ. 'सहकार्याची अपेक्षा' टाक."

"आणि शेवटची ओळ? फरक असेल तर करार खरा?"

"ती राहू दे. ती महत्त्वाची."

ज्योत्स्नाने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे वरच्या ओळींत मी गोड बोलायचं आणि खालच्या ओळीने ते पुसून टाकायचं."

"करारात सगळं आहे ना? मग मेलमध्ये कशाला?"

"मेलमध्ये चालत नसेल तर करारात कशाला?"

"तू मला शिकवू नको. हे कलम आलं कुठून माहितीये?" हर्षल खुर्चीत मागे रेलला. "आपण भाड्यानं कॉम्प्रेसर घेतला होता, त्या बड्या कंपनीच्या करारातून. महिनाभर बंद होता तो. त्यांनी पूर्ण बिल लावलं. मेल गेला नको त्या फोल्डरात, मला दिसला तेव्हा मुदत संपलेली. म्हणे, तुम्हाला मान्य आहे. सगळे पैसे भरले. त्या दिवशी कळलं, कलम असावं तर असं. शब्द न् शब्द उचलला."

कुत्रा चावला म्हणून त्याचं पिल्लू घरी आणणारा माणूस ज्योत्स्ना पहिल्यांदाच पाहत होती.

"सर, तिकडं फोन लागतो, पण नेट चालत नाही. ललिताताई मेल उघडतात ते बाजाराला सुरगाण्यात आल्या की."

"तो त्यांचा प्रश्न."

"बरं. मग तुम्ही सांगता तसं लिहिते. खाली नाव तुमचं टाकते."

हर्षलने कप टेबलावर ठेवला. मग खरं तेच बोलला. "माझ्या नावाला तिकडं कोण विचारतंय?"

"माझ्या नावाला विचारतात. म्हणूनच मी ते असल्या मेलखाली टाकणार नाही."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. हर्षल वैतागून उठला. "पाठव तुझं ते. तसंही वाचतंय कोण."

तिने पाठवला. उत्तर आलं नाही. आठवडा उलटल्यावर हर्षल जाता येता म्हणायचा, "बघ, लोकांना वाचायचं नसतं. गिऱ्हाईक घालवलंस." ती बिलं चाळत राहायची. रात्री आईचा फोन आला की पलीकडून ओरडा येतो की काय म्हणून आधी नुसता कानोसा घ्यायची.

मग एका सकाळी मेल दिसला. ज्योत्स्नाने तो मोठ्याने वाचला.

"तुझा मेल समजला. कलम समजलं म्हणून आवडलं नाही. तू मेल पाठवलास तेव्हा आमच्याकडे आवणी चालली होती, भाताची रोपं सोडून बाजाराला कोण येणार? आज आलो, आज उघडला. तुमच्या मोजणीने सात दिवस कधीच संपले. हा मेल म्हणजे बिल असतं, तर आम्ही ते न बघताच मान्य केलं असतं. अध्यक्ष सावित्रीबाई सोबत होत्या, त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणतात, बिलाचा कागद आमच्या हातात पडेल आणि पोच म्हणून सही होईल, तिथून दिवस मोजा. बिलात जेवढ्यावर वाद असेल तेवढे पैसे थांबतील, बाकीचे वेळेवर मिळतील. काम बंद तर त्या काळाचे पैसेही बंद. एवढं करारात बदला, सह्या तयार आहेत. सात दिवसांत तुमची लेखी हरकत आली नाही, तर हे तुम्हाला मान्य आहे असं धरू. दिवस हा मेल पाठवल्यापासून मोजू, तुम्ही वाचल्यापासून नाही."

हर्षल येऊन तिच्या मागे उभा राहिला. त्याने मेल स्वतः वाचला, मग वरची तारीख वाचली.

"हा तर मागच्या आठवड्यातला आहे."

"तुम्हीच सांगितलं होतंत, आठवडाभर मनमाडला कामावर चला म्हणून. ऑफिसला कुलूप होतं."

"पण असं कसं?" त्याचा आवाज चढला. "समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला मान्य, असं एकतर्फी कुणी ठरवू शकतं का? माणसाला निदान वाचायला तरी वेळ नको?"

ज्योत्स्नाने उत्तराची चौकट उघडली. वर 'नमस्कार ललिताताई' लिहिलं. कर्सर लुकलुकत राहिला.

"हेच लिहू का त्यांना?"

हर्षलने वरची तारीख पुन्हा वाचली.

"मुदत आज संपतेय, सर. गप्प बसलात तर मान्य धरतील. काय लिहू, सांगा."