लावणीतली शेवटची जागा

खुर्शिदाबाई भोरच्या दवाखान्यात शिकलेली सुईण. वेल्ह्याकडच्या वाड्या पायी पालथ्या घालायची. तोंडाची फटकळ, पण एका घरचं दुसऱ्या चुलीपाशी कधी नेलं नाही तिनं. म्हणून तर भाताच्या लावणीच्या दिवसांत धोंडाबाईनं तिला गुपचूप गोठ्यात बोलावलं.

धोंडाबाईची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. आता अंगावरून लालसर पाणी जात होतं आणि त्याला घाण वास मारत होता. ऐकूनच खुर्शिदा चरकली. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, पाळी गेल्यावर असं जाणं बरं नव्हं, आतली गाठही असू शकते. ह्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा.

धोंडाबाईनं नाही म्हणून मान हलवली. नवरा कोंडिबा मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा घरी येणार. लेकीची सोयरीक ठरत आलेली.

"बाई, लोक काय म्हनतील? नवरा मुंबईला, मंग हिला ह्यो रोग दिला कुनी? लेकीला कोन करून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवाळीला धनी आलं की जाते."

"रोग दिवाळीची वाट बघत न्हाई, धोंडाबाई."

धोंडाबाईनं तिचे पायच धरले, कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली. खुर्शिदा विरघळली. पाण्यात टाकून धुवायला तिनं लाल औषधाची पुडी दिली, आणि हा रोगाचा इलाज नव्हे, हेही बजावलं. पण वास कमी झाला, आणि धोंडाबाईला वाटलं, उतार पडला. दिवाळीला कोंडिबा आला, तेव्हा आधी लेकीचं लगीन होऊ दे म्हणाली. पुडी मात्र दर महिन्याला मागून घ्यायची. खुर्शिदा दर खेपेला तणतणायची आणि द्यायची. धोंडाबाई पुण्याला गेली ती माघात. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गाठ ओटीपोटात पसरली, उशीर झाला. चैत्रात धोंडाबाई गेली.

खुर्शिदा भेटायला आली. शेजारची फुलाबाई ओट्यावर बसली होती. डोळे पुसत म्हणाली,

"आमाला लावणीतच कळलं हुतं, बाई. वास लपतुय व्हय? म्हनून तिला दर खेपंला बांधाच्या टोकाची जागा द्यायचो, वारा जिकडं जातुय तिकडची. तिला वाईट वाटू ने म्हनून एक बाई बोलली न्हाई. दादल्यांनाबी सांगितलं न्हाई."

"नावं ठेवली न्हाई कुनी?"

"नावं कशापायी ठेवू? दुखन्यालाबी नावं ठेवायची व्हय?"

ज्या बायकांच्या तोंडाला भिऊन धोंडाबाई सात महिने थांबली, त्या तिच्यासाठीच तोंड मिटून बसल्या होत्या. आणि आपण पुड्या देत राहिलो. एकीला जरी विचारलं असतं, तर चौघींनी तिला उचलून पुण्याला नेलं असतं.

पिशवीत या महिन्याची पुडी तशीच होती. खुर्शिदानं ती काढली, ओट्याखालच्या मातीत उधळली, आणि पहिल्यांदाच त्या घरी मोठ्यानं रडली.