नभात चांदणे, पान सात

अक्षर हा संस्कृतीचा चेहरा आहे. निदान मालकांच्या केबिनबाहेरच्या काचेवर तसं चिकटवलेलं होतं. त्यातला ‘चे’ गळून पडल्यापासून ते वाक्य अक्षर हा संस्कृतीचा हरा आहे असं वाचावं लागे, आणि ‘चे’ परत चिकटवायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. गळलेला ‘चे’ मांडणीबाईंच्या टेबलाच्या पायाला चिकटून होता. त्याला आता धुळीची मिशी फुटली होती.

मांडणीबाई म्हणजे या डिझाइन ऑफिसातल्या सगळ्यात जुनं माणूस. पुस्तकं, पत्रकं, औषधांची खोकी, काय वाट्टेल ते त्या मांडत. हल्ली त्यांच्याकडे एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलचं काम आलं होतं: रुग्ण घरी जाताना त्याच्या हातात द्यायची पुस्तिका. कोणती गोळी कधी, काय खायचं, आणि कशाकशाला घाबरून लगेच परत यायचं.

हे शेवटचं प्रकरण बाईंच्या घरचंच होतं. त्यांच्याकडे राहणारी मावशी रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर होती. मागे एकदा तिला चार दिवस संडासला काळं होत होतं, आणि तिने कुणाला सांगितलं नाही. ‘जांभळं खाल्ली असतील’ म्हणाली. घरात जांभूळ आलेलंच नव्हतं. शेवटी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की पोटात रक्त वाहत होतं. तिला याच हॉस्पिटलातून मिळालेल्या जुन्या पुस्तिकेत ती सूचना होती. ती एवढ्या बारीक, गिचमिड्या अक्षरात होती की बाईंनाच भिंग लावून सापडली.

“मला वाटलं नक्षी आहे,” मावशी म्हणाली होती.

तेव्हापासून बाईंना या कामात एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य मावशीला चष्म्याशिवाय वाचता यावं.

मालकांना वेगळी गोष्ट हवी होती. त्यांना ‘चांदणी’ हवा होता.

चांदणी हा फॉन्ट त्यांनी एका वेबसाइटवर पाहिला होता. तिथे तो पडदाभर मोठा होऊन एकच ओळ दाखवत होता: नभात चांदणे, मनात गाणे. ओळ अशी बेतलेली की एक अवघड जोडाक्षर नाही, एक आकडा नाही, रफार नाही, काही नाही. नुसते गुळगुळीत न आणि ण, तेल लावून बसवलेल्या पोरांसारखे.

“बाई, बघा हो, कसा तरंगतोय!” मालक म्हणाले. ते बोलताना समोसा खात होते आणि पडद्यावर सारणाचा एक तुकडा चांदण्यात उडाला होता.

“तरंगतोय खरा,” बाई म्हणाल्या. “पण आपल्या पुस्तिकेत ना चांदणं आहे ना गाणं. आपल्याकडे मूर्च्छा आहे, रक्तस्राव आहे, आणि गोळ्यांचा तक्ता आहे. त्याच मजकुरात तिन्ही फॉन्ट शेजारी शेजारी लावून बघू.”

“लावा की. पण दिसायला छान पाहिजे. आधी डोळे जेवतात, मग माणूस.”

बाईंनी समोशाच्या कणाकडे बघितलं आणि मान हलवली.

तुलनेचा कागद करणं हे दिसतं तेवढं सरळ काम नसतं. तीन फॉन्ट तीन रकान्यांत टाकले की झालं, असं नाही. एकाच पॉइंट साइजला टाकले तर चांदणी लहान दिसे, कारण त्याची सगळी जागा लांबलचक वेलांट्या आणि मात्रा खाऊन टाकत. म्हणून बाईंनी शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची तिन्हींत सारखी येईल असा आकार दिला. दोन ओळींमधलं अंतर सारखं, रकान्याची रुंदी सारखी आणि शाई एकच. नावं काढून टाकली. वर नुसतं अ, ब, क लिहिलं, म्हणजे कुणी नावावर भाळायला नको. चांदणी झाला अ. ब आणि क हे दोन साधे, पुस्तकात नेहमी दिसतात तसे.

मजकूर त्यांनी मुद्दाम पुस्तिकेतलाच, आणि त्यातलाही सगळ्यात वाईट उचलला. गोळ्यांचा तक्ता, पथ्याच्या चार ओळी. खाली सातव्या पानावरची सूचना: ‘संडासला काळं, डांबरासारखं चिकट झाल्यास, उलटीत रक्त आल्यास किंवा मूर्च्छा आल्यास थांबू नका, ताबडतोब रुग्णालयात या.’

मग पुस्तिकेलाच वापरायचा होता त्या पिवळट, स्वस्त कागदावर खऱ्या आकारात प्रिंट काढली. पडद्यावर सगळेच फॉन्ट राजकुमार असतात.

प्रिंट हातात घेऊन बाईंनी लाल पेन उघडलं.

अ मध्ये ‘मूर्च्छा’ एकावर एक चढून बसली होती, गर्दीच्या लिफ्टमधल्या माणसांसारखी. ‘सर्वांनी’ मधला रफार अनुस्वाराच्या अंगावर पडला होता आणि दोघं मिळून एक डाग झाले होते. १ आणि ९ तर जुळे भाऊ. फरक म्हणून ९ ला जे वळण होतं ते केसाएवढं बारीक, आणि या कागदावर शाई फुटून तेही बुजलं होतं. अर्ध्या गोळीचं ½ चांदणीत नव्हतंच. कॉम्प्युटरने ते दुसऱ्याच फॉन्टमधून गुपचूप उसनं आणून बसवलं होतं, आणि ते चांदण्यात उभ्या राहिलेल्या हवालदारासारखं दिसत होतं. बाईंनी त्याला लाल गोल केला, म्हणजे कुणी ते चांदणीचंच समजायला नको. ब मध्ये सगळं वाचता येत होतं. क ठीक होता, पण ‘द्ध’ त्याला जमत नव्हता.

मालकांनी कागद बघितला. चेहरा असा केला की जणू बाईंनी टेबलावर मेलेलं झुरळ ठेवलंय.

“हे काय आहे?”

“खरा मजकूर.”

“संडास? बाई, मीटिंगमध्ये क्लायंटपुढे संडास?”

“तो त्यांच्याच पुस्तिकेतला आहे. त्यांच्याच डॉक्टरांनी लिहिलाय.”

“असू दे हो. घरातलं गटार दाखवून कोणी घर विकतं का? हा मजकूर काढा. तिन्हीत ती चांदण्याची ओळ टाका.”

“मग तिन्ही सारखेच छान दिसतील. निवडायचं काय?”

“तेच तर,” मालक म्हणाले, आणि बोटावरचं तेल तुलनेच्या कागदाला पुसलं. “मग मी निवडीन.”

बाईंनी दोन्ही कागद केले. नोकरी करणाऱ्या माणसाला दोन कागद करावेच लागतात.

हॉस्पिटलच्या मीटिंगच्या खोलीत एका यंत्रातून ठरावीक वेळाने गुलाबाचा फवारा उडे. खाली फिनाइल आणि वर गुलाब, अशी दोन मजली घाण होती. समोर मॅनेजरसाहेब होते. ते आधी हॉटेलच्या धंद्यात होते आणि अजून रुग्णांना गेस्ट म्हणत. ते बिस्किट चहात बुडवून, ते मऊ पडून गळायच्या बेतात आलं की मान वाकडी करून ओठांनी पकडत. बाईंनी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं.

मालकांनी चांदण्याचा कागद पुढे केला.

“वा!” मॅनेजरसाहेब म्हणाले. “अ. काय ग्रेस आहे! आमच्या लॉबीला मॅच होतं.”

“मी म्हणालोच,” मालक म्हणाले. “आधी डोळे—”

“साहेब, एक मिनिट,” बाई म्हणाल्या, आणि बॅगेतून दुसरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. मालकांनी टेबलाखालून बाईंच्या पायावर पाय दिला. बाईंनी पाय तसाच राहू दिला. “ही तुमचीच पुस्तिका आहे. फॉन्ट तेच. फक्त या पहिल्या रकान्यातली ही ओळ जरा मोठ्याने वाचता?”

मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर सरकवला. कागद जवळ आणला, लांब नेला.

“सकाळी... नाश्त्यानंतर एक वाजता... नऊ गोळ्या.”

खोलीत गुलाबाचा फवारा उडाला.

“सकाळी नऊ वाजता एक गोळी, साहेब.”

“असं होय.” त्यांनी परत बघितलं. “एक वाजता कोण नाश्ता करतो, तेच मी म्हणत होतो.”

“नऊ गोळ्या एकदम घेतल्या तर नाश्ता पुन्हा कधीच लागणार नाही. आता हीच ओळ ब मध्ये.”

ब मधली ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मग त्याच ओघात खालची सूचनाही वाचायला लागले, कारण वाचता येत होतं. “संडासला काळं, डांबरासारखं चिकट...”

बिस्किट गळून चहात पडलं.

मॅनेजरसाहेबांनी कप दूर सारला. मालकांनी बाईंच्या पायावरचा पाय आणखी दाबला.

“बाई, तुमचं म्हणणं पटलं,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “अ बाद. ब घ्या. सगळी पुस्तिका ब मध्ये.”

बाईंचा पाय मोकळा झाला. मालक लगेच म्हणाले, “ब माझ्याही मनात होताच.”

“पण हे काय आहे?” मॅनेजरसाहेबांनी बोट न लावता पेनाच्या टोकाने सातव्या पानाची सूचना दाखवली. “हे आपल्या पुस्तिकेत आहे?”

“पहिल्यापासून आहे, साहेब.”

“मला कधी दिसलं नाही.”

“कुणालाच दिसलं नव्हतं. म्हणून तर हा खटाटोप.”

“गेस्ट घरी चाललाय, नातेवाईक फुलं घेऊन आलेत, आणि आपण त्याच्या हातात हे देतो?” त्यांचं तोंड कडू झालं होतं. “काढून टाका.”

“साहेब, माझी मावशी याच कारणाने मरता मरता वाचली. तिला हे वाचताच आलं नव्हतं.”

“मग वाचल्या ना?”

“साहेब, डॉक्टरांनी—”

“डॉक्टर तोंडी सांगतील. डॉक्टरांना तोंड दिलंय कशाला? लिहून दिलं की माणूस वाचतो, वाचलं की घाबरतो, घाबरला की फोन करतो.”

“म्हणजे नीट वाचता येतं म्हणून काढायचं?”

“असल्या गोष्टी नीट वाचता येऊ नयेत, बाई. एवढं तरी सौंदर्यभान हवं.”

बाईंनी मालकांकडे बघितलं. मालक बिस्किटांच्या बशीत उरलेला चुरा बोटाने गोळा करत होते.

“पण मग पान सात रिकामं पडेल,” मालक म्हणाले. एवढ्या वर्षांत मांडणीविषयी त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच बरोबर वाक्य होतं.

मॅनेजरसाहेबांनी चांदण्याचा कागद पुन्हा पुढे ओढला.

पुस्तिका वेळेवर छापून आली. अक्षर उत्तम आहे, जोडाक्षरं सुटी सुटी, १ आणि ९ दुरूनही वेगळे. पुढच्या तपासणीला गेल्यावर मावशीलाही एक मिळाली. सातव्या पानावर एकच ओळ होती: नभात चांदणे, मनात गाणे. ती मावशीने चष्म्याशिवाय वाचली.