दिल्या घरच्या शैलावन्सं

आमच्या मेघनाला कुठे काय बोलावं याचा पोच नाही. सून म्हणून कामाला वाघ आहे, पण परक्यांसमोर माझं बोलणं खोडायची भारी हौस. परळच्या हॉस्पिटलात तर तिने कहरच केला.

माझी धाकटी लेक अनुजा. चाळिशी गाठायच्या आतच छातीत कॅन्सर निघाला. किमो चालू होती. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर झालाय तर घराण्यातून आलाय का बघू, समुपदेशनाच्या बाईंना भेटा. आम्ही तिघी गेलो. बाई तरुण, पण समजूतदार. कागदावर बाप्यांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल काढत विचारायला लागल्या, घरात कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का?

"कोणाला नाही," मी ठणकावलं. "माझ्या माहेरच्या बायका म्हाताऱ्या होऊन गेल्या. उगाच पोरीचं रक्त कशाला काढताय? आधीच सुया टोचून चाळण झालीय तिची."

अनुजा म्हणाली, "आई नको म्हणते तर राहू दे."

तेवढ्यात मेघना. "आई, आणि शैलाआत्या?"

मी डोळे वटारले. ही कसली गप्प बसते! "तुम्हीच सांगता ना, पोट इतकं फुगलं की लुगडं नेसता येईना?"

शैलावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. कणकवलीला दिलेली. अंडाशयाच्या कॅन्सरने भर संसारात गेली. मी काही लपवत नव्हते. पण दिलेली मुलगी सासरची होते. तिचं सुतकसुद्धा आम्ही पुरतं धरलं नव्हतं. मग तिचा आजार आमच्यात कसा धरायचा?

बाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, लग्नाने आडनाव बदलतं. आईबापाकडून आलेलं तसंच राहतं. बीआरसीए नावाची जनुकं असतात. त्यांतल्या एकात बिघाड असला तर तो बापाकडूनही येतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता."

"आणि ही?" मी मेघनाकडे बोट केलं.

"यांचं रक्त इथे लागत नाही."

म्हणजे घरात वावरणारी बाहेरची आणि कणकवलीला दिलेली घरातली! मला काही पटेना.

"मग आमच्या चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांना तपासा की!"

"सगळ्यांना गरज नसते, आजी. कमी वयात स्तनाचा झाला असेल, अंडाशयाचा कधीही झाला असेल, बाप्याला स्तनाचा झाला असेल, नाहीतर एकाच बाजूच्या रक्ताच्या नात्यात असे बरेच जण असतील, त्यांनी आधी येऊन बोलावं. आणि शक्यतो जिला आजार झालाय तिची तपासणी पहिली."

अनुजाने माझ्याकडे न बघता रक्त द्यायला हात पुढे केला. माझं न ऐकता, पहिल्यांदाच.

काही आठवड्यांनी निकाल आला. बिघाड सापडला. आता त्याच बिघाडासाठी माझ्या बाकीच्या दोघांना तपासता येणार होतं. अजित, मेघनाचा नवरा, त्याच्यात नव्हता. म्हणजे त्याच्या पोरीला तो बापाकडून येणार नाही. राहिली थोरली अक्षदा, करी रोडला राहते. त्रेचाळीस वर्षांची, धडधाकट. म्हणते, "मला काय धाड भरलीय?"

मेघना तिच्याकडे जाऊन बसली. आग्रह केला नाही, नुसती म्हणाली, "ताई, ऐकून तरी या. ठरवायचं तुम्हीच."

अक्षदात बिघाड निघाला. त्या रात्री मी जेवले नाही.

बाईंनी तिला सगळं समजावलं. बिघाड म्हणजे कॅन्सर नव्हे, पण धोका मोठा. छातीवर दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफीने लक्ष ठेवता येतं. अंडाशयाचा मात्र लवकर पकडायला भरवशाची तपासणी नाही. अक्षदाची पोरं मोठी झालेली. तिने विचार केला, नवऱ्याशी बोलली, आणि दोन्ही अंडाशय बीजनळ्यांसकट काढून घेतले.

आता पाळी गेली. घामाने थबथबते, पोरांवर खेकसते. आम्ही ऐकून घेतो. अनुजाची किमो संपली, ऑपरेशनही झालं. तिचेही अंडाशय काढायचे ठरलंय.

काल अक्षदाच्या काढलेल्या भागांचा रिपोर्ट आला. मेघनाने वाचून दाखवला. काही नाही. कुठेही काही नाही. आयुष्यात मी पुष्कळ मागितलं देवाकडे, पण 'काही नाही' मिळाल्यावर इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

अक्षदा पंख्याखाली बसून म्हणाली, "आई, धोका कमी झाला, संपला नाही गो. तपासण्या चालूच."

"चालू दे. तू आहेस ना समोर?"

मेघना चहा घेऊन आली. मी तिला हाताला धरून बसवलं. ती घाबरली, आता काय ऐकावं लागणार म्हणून.

"मेघना, त्या दिवशी मला चारचौघांत खोटं पाडलंस, त्याचा राग मला अजून आहे. पण तू गप्प बसली असतीस तर माझी थोरली कशात सापडली असती, ते मला कळतं. तुझे उपकार आहेत गो माझ्यावर. यापुढे डॉक्टरांनी घरातलं काही विचारलं तर तू बोलायचंस. मी मध्ये तोंड घातलं, तर तिथेच मला गप्प कर."