कापलेला फोटो

विषबाधा मदत केंद्रात फोनवर बसायचं म्हणजे लोकांच्या घरातली घाण रोज डोळ्यांनी बघायची. ताईंना त्याची सवय झाली होती. केंद्रातल्या त्या सगळ्यांत जुन्या. पण त्या सकाळी आलेला फोटो पाहून त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

निळ्या लेबलचा एक कोपरा, त्यावर पांढरी वळणदार रेघ, बाकी सगळं धुरकट. दोन वर्षांच्या मुलीनं हे प्यायलं होतं. फोटो तिच्या बापानं पाठवला होता, आणि केंद्रात नव्यानंच आलेल्या सहकाऱ्यानं तो बघताक्षणी निकाल देऊन टाकला होता.

"झळक, फरशी पुसायचं," तो छातीठोकपणे म्हणाला. "आमच्या घरी हेच असतं. सौम्य आहे. घरीच लक्ष ठेवा, असं सांगितलंय."

"किती खात्री?"

"शंभर टक्के."

"कशावरून? रंगावरून?" ताईंचा आवाज चढला. "पिवळ्या दिव्याखाली हिरवं लेबलही निळसर दिसतं. अशी रेघ आणखी दोन कंपन्या काढतात. आणि झळकच धरलं, तरी त्याच लेबलात त्यांचं संडास धुवायचं ॲसिडही येतं. माझ्या मते निम्मी खात्रीसुद्धा नाही. आणि खात्री नसेल तर आपण सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. लाव फोन."

बापानं लगेच उचलला. मुलगी मजेत खेळतेय म्हणाला. आवाजात काळजी कमी आणि घाई जास्त.

"अहो, झळकच आहे ते. तुमच्या माणसानं सांगितलं की."

"झाकण कसं आहे? मान सरळ की वाकडी? मागच्या बाजूला बॅच नंबर असेल, धोक्याची खूण असेल. तेवढं वाचून दाखवा."

"पुसलं गेलंय सगळं."

"मग पूर्ण बाटलीचा फोटो पाठवा. हा कापलेला आहे."

"मोबाइलच खराब आहे हो."

खराब मोबाइल फोटो धुरकट काढेल, पण चारही बाजूंनी इतका नेमका कापणार कसा? ताईंच्या मनात पाल चुकचुकली. "मुलीच्या आईला द्या फोन," त्या म्हणाल्या. तो टाळाटाळ करू लागला, तेवढ्यात मागून कुणीतरी फोन हिसकावून घेतला.

"ताई, मी आई बोलतेय. काय हवंय तुम्हाला?"

"कापायच्या आधीचा फोटो."

पलीकडे आरडाओरडा झाला. मग फोटो आला.

आता बाटली अख्खी दिसत होती. सरळ मान, तिच्यावरच्या खाचा, लेबलाच्या कडेचा बारकोड, तळाजवळ कोरलेली कंपनीची खूण. सहकारी हळूच म्हणाला, "बघा, झळकच. फरशीचंच."

"बाटली झळकची. आता तुझे शंभर टक्के मला मान्य," ताई म्हणाल्या. "झाकण बघ."

झाकण लाल, दुसऱ्याच कुठल्यातरी बाटलीचं. सीलचं कडं नाही. लेबल दुसऱ्यांदा चिकटवलेलं, कडा उचकटलेल्या. आत तपकिरी, दाट काहीतरी गळ्यापर्यंत भरलेलं, तोंडाशी त्याचाच ओघळ सुकलेला. मागे फळीवर तशाच बाटल्यांची रांग, एक मळकट नरसाळं आणि पिंप. पिंपावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: कॉस्टिक सोडा.

हा माणूस कचऱ्यातल्या बाटल्यांत जाळणारं पाणी भरून विकत होता, ते एक वेळ ठीक. पण पोटची पोर तेच पिऊन बसलेली असताना त्यानं शांतपणे, बोटानं, फोटोतून पिंप कापलं होतं.

"आई, नीट ऐका. उलटी करवू नका. लिंबू-बिंबू काही पाजू नका. तोंड ओल्या फडक्यानं पुसा आणि आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला निघा. बाटली सोबत न्या. मुलगी वरून बरी दिसली तरी थांबू नका."

"ती लाळ गाळतेय ताई. हे म्हणाले, दात येतायत."

सहकाऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताईंनी हॉस्पिटलला फोन करून सगळं कळवलं, तो अख्खा फोटोही पाठवला. मग सहकाऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुढच्या वेळी लेबल ओळखलंस की पुढचा प्रश्न विचार. आत काय आहे?" त्यानं मान हलवली.

दुपारी हॉस्पिटलमधून कळलं: घसा आणि अन्ननलिका भाजली आहे, पण वेळेत आणली, वाचेल. ताईंनी डोळे मिटून घेतले. सहकारी उठून बाहेर जाऊन आला, तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. बाप होता.

"ताई, एक काम होतं."

ताईंना वाटलं, माफी मागेल. निदान आभार तरी मानेल.

"तो मोठा फोटो आहे ना तुमच्याकडे, तेवढा काढून टाका. लहानवाला राहू द्या."

मुलगी कशी आहे, ती गिळू शकेल का, काही विचारलं नाही. ताईंना रिसीव्हर हातात धरवेना.

"तो फोटो तुमच्या मुलीच्या केसपेपरला लावलाय," त्या म्हणाल्या. "आणि केसपेपर आता पोलिसांकडे आहे. तिथे जाऊन कापा."

त्यांनी फोन ठेवला आणि हात साबणानं दोनदा धुतले.