न ऐकलेलं सुतक

"आता सांगतो ते तुमच्यापैकी एकालाबी पटायचं न्हाई," असं म्हणून मच्छिंद्रनं डोक्याला बांधलेलं पांढरं कापड दोन्ही हातांनी सावरलं. लांबून पाहणाऱ्याला मुंडासं वाटावं, पण होती ती दवाखान्याची पट्टी. डाव्या कानावर उशीएवढा कापूस आणि त्यावरून डोक्याला सात वेढे. "हैदराबादच्या डॉक्टरानं मला औषध हुंगवून निजवलं, आन कानामागचं हाड छिन्नी-हातोडीनं कोरलं. ठक, ठक, ठक. आन मला त्याचा पत्ताच न्हाई!"

पारावरची सगळी मंडळी खो-खो हसली.

"तू माणूस हायस का पाटा?" रामराव म्हणाला. "टाकी लावून घेतली म्हनं!"

आता गंमत अशी, की बदनापूर टेसनाच्या आसपासच्या पाच गावांत मच्छिंद्रइतका थापाड्या माणूस दुसरा नव्हता, आणि हे वाक्य त्यानं जन्मात बोललेल्या मोजक्या खऱ्या वाक्यांपैकी एक होतं. लहानपणापासून वाहणारा कान, सरत्या उन्हाळ्यात त्याच्यामागं लिंबाएवढी सूज, अंगात ताप, आणि मग रेल्वेच्या पासावर थेट हैदराबाद. सगळं बिलकुल खरं. पण कोणी मानेना. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं. आतून लहानपणी गेलेला हरभरा निघाला. त्याला मोड आल्ता."

"असंल, असंल," मंडळींनी माना डोलावल्या. "हरभरा लई चिवट."

मच्छिंद्र रेल्वेत सांधेवाला होता. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते त्याच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं, आणि रोज दिवेलागणीला सिग्नलच्या शिडीवर चढून दिवा लावणं हेही त्याचंच काम. गेले सहा आठवडे हे काम कडूबा नावाचा गडी बदलीवर करत होता. करत होता तेही असं चोख, की टेसनमास्तर त्याला चहा पाजू लागले होते. येत्या गुरुवारी रेल्वेचे डॉक्टर जालन्याच्या दवाखान्यात येणार. कान कोरडा निघाला, तोल सांभाळला आणि ऐकू बराबर आलं, तर कामावर घ्यायची चिठ्ठी. कान ओला निघाला तर आणखी दोन महिने पट्टी, आणि तेवढ्यात कडूबा कायम. मास्तरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून दर तिसऱ्या दिवशी तो गाडीनं जालन्याला जायचा. तिथल्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा जगन्नाथ होता. बोलायला खवट, पण हात मात्र फुलासारखा. उकळलेल्या चिमट्यानं तो कानामागच्या जखमेतून पिवळी, उग्र वासाची जाळीदार पट्टी वीत-वीत ओढून काढायचा, आत कोरडा कापूस फिरवायचा, पांढरी भुकटी फुंकायचा आणि नवी पट्टी भरायचा. पहिल्या दिवसांत ती हातभर निघायची, आता जेमतेम चार बोटं.

"आता तोंड शिवून टाका की," मच्छिंद्र एकदा म्हणाला होता.

"तोंड आधी मिटलं आन आत घाण राह्यली तर पुन्हा पू धरतो. जखम तळातून भरत यायला पाहिजे. म्हणून तर ही पट्टी." आणि मग जगन्नाथ बोटांवर मोजत नेहमीचा मंत्र म्हणायचा: "अंघोळ गळ्याखाली. डोकं ओल्या फडक्यानं पुसायचं, तेही कानापासून चार बोटं लांब. नाक जोरात शिंकरायचं न्हाई. शिंक आली तर तोंड उघडून. कानात तेल न्हाई, काडी न्हाई, बोट न्हाई. आत एक थेंब गेला तर सहा आठवडे पाण्यात, समजलास?"

"समजलो. पण शेजारच्या गोजरबाईनं लसणाचं तेल कढवून आणलंय..."

"ते तिच्या भाजीत घालायला सांग."

इथपर्यंत सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग शनिवारी सकाळी रामराव आला. पारावरचं हसू आज तोंडावर नव्हतं. मच्छिंद्रच्या ओट्यासमोर उभा राहून, गाव गोळा होईल अशा आवाजात तो म्हणाला, "शहागडचे पुंजारामबाबा गेले हो! राती गेले!"

पुंजारामबाबा म्हणजे भावकीतले सगळ्यात थोरले. नव्वदीला टेकलेले, कानानं ठार बहिरे. घरातून एकदम हंबरडा उठला. पाठोपाठ बादल्यांचा खणखणाट. कारण रीत अशी, की भावकीतल्या माणसाची बातमी कानावर पडली की उभ्या पावली, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. बातमी ऐकली की सुतक लागलं. ऐकलीच नाही, तर लागलं नाही.

ओट्यावर बसलेल्या मच्छिंद्रनं उजव्या, धडधाकट कानानं प्रत्येक शब्द ऐकला होता. बाबांच्या आठवणीनं तो उठायला लागला. पण त्याच क्षणी डोळ्यांपुढं पाण्याची घागर आली, तिच्यामागं जगन्नाथचा चिमटा, आणि सगळ्यात मागं सिग्नलच्या शिडीवर ऐटीत चढणारा कडूबा. तो पुन्हा खाली बसला, रामरावाकडं बघून मोकळं हसला आणि म्हणाला, "या, बसा! पाऊसपाणी काय म्हणतं?"

रामराव दोन पावलं मागं सरला.

चुलती झुंबरबाई निथळत्या लुगड्यानं बाहेर आली. या घरात रीतभात तिच्या शब्दाबाहेर जात नसे. "मच्छिंदर! उठ, पाणी घे! बाबा गेले!"

"कुठं गेले? जालन्याला?"

"वारले रे!"

"आँ? काकी, जरा मोठ्यानं. डावा तर बंदच हाय. आन हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान सख्खे भाऊ. एकाला बरं नसलं की दुसराबी दार लावून बसतो. सा आठवडे."

ही थाप मात्र सगळ्यांना पटली. छिन्नी-हातोडी पटली नव्हती, हे विसरू नका.

झुंबरबाई हरणारी नव्हती. ऐकू जात नाही तर दिसेल तरी, म्हणून ती सरळ ओट्यावर उताणी झाली, हात छातीवर घेतले, नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि जीभ बाहेर काढली. गावातली पोरं पळत सुटली.

मच्छिंद्रनं तिच्याकडं मायेनं बघितलं. "काकी, झोप आली व्हय? आत निजा, इथं ऊन लागंल."

दुपारी ती शाळेच्या गिरिधर मास्तरांकडून पाटीवर लिहून घेऊन आली. पाटी त्यानं उलटी धरली, सुलटी धरली आणि हळहळला, "पट्टी इतकी आवळलीय काकी, की डोळ्यांम्होरं अक्षरं नुसती पोहून राह्यलीत."

त्याची बायको द्वारकाबाई भाकरी वाढायला आली. वरणाला फोडणी नाही, ताटात गोड नाही. ती त्याच्या उजव्या बाजूला वाकून हळूच म्हणाली, "खरं सांगा. आलं ना ऐकू?"

त्यानं एक डोळा मिटला.

"मेले मी," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून चुलीकडं गेली. तेव्हापासून ती त्याच्याभोवती कोंबडीसारखी फिरू लागली. तेही गरजेचंच होतं. रविवारी दुपारी तो उजव्या कुशीवर पडला असताना झुंबरबाई घागर घेऊन चवड्यांवर आत आली. न ऐकणाऱ्याला आधी पाणी घालावं, बातमी मागाहून सांगावी, असा तिचा हिशेब असावा. द्वारकाबाई मधी उभी राहिली. घागर रिकामी झाली, मच्छिंद्रची पट्टी कोरडी राहिली आणि द्वारकाबाईची त्या सुतकातली दुसरी अंघोळ झाली.

"मी गुरुवारी येते तुझ्यासंगं," झुंबरबाईनं त्याच्या तोंडापुढं बोट नाचवलं. "त्या डॉक्टरला मीच पुसते, डोक्यावरून पाणी चालतं का न्हाई!"

"जेवन? वाढा की," मच्छिंद्र म्हणाला.

गुरुवारी दवाखान्यातल्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली, थेट दाराशी. डॉक्टर आले. उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे. झुंबरबाईनं त्यांना आत जाऊच दिलं नाही. "डॉक्टरसाहेब, याला डोक्यावरून पाणी चालंल का?"

"नाही बाई. अजून तीन महिने तरी नाही. पुढंही अंघोळीला बसताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घालायचा, अन् विहिरीत सूर मारायचा तर जन्मभर नाही."

"का हो?"

"त्याच्या कानात आता पोकळी आहे. तिथं पाणी साचतं, अन् साचलं की पुन्हा वाहतं. चक्करही येते."

झुंबरबाईनं वाट सोडली. डॉक्टर सांगतात त्यापुढं तिचं काही नव्हतं.

जगन्नाथनं शेवटची पट्टी काढली. डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढला, कानात उजेड पाडला, पुन्हा पाडला. कोरडा कापूस आत फिरवून बाहेर काढला आणि उजेडाला धरला. कापूस पांढरा होता.

"सुका," डॉक्टर म्हणाले. जगन्नाथच्या चेहऱ्यावर जी रेघ उमटली तिला त्याच्या घरचे हसू म्हणत.

मग तोल. डोळे मिटून, पाय जुळवून उभं राहायचं. मच्छिंद्र खांबासारखा उभा राहिला. मग फरशीच्या एका रेघेवरून चालायचं. तो रुळावरून चालल्यासारखा गेला आणि परत आला.

"आता ऐकणं," डॉक्टर म्हणाले. "पाठ करून उभा राहा. मी स्टेशनांची नावं घेईन, ती म्हणायची."

मच्छिंद्रनं दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं आणि दाराशी काकी होती. ऐकू येत नाही म्हणावं तर चिठ्ठी गेली. येतं म्हणावं तर... पण कडूबा शिडीवर चढला, मास्तरांनी चहा ओतला, आणि मच्छिंद्रनं मनाशी ठरवून टाकलं.

जगन्नाथनं त्याचा उजवा कान तळव्यानं दाबला. डॉक्टर दोन हात अंतरावर उभे राहून बेताच्या आवाजात बोलले. "सेलू."

"शेलू," मच्छिंद्र जरा थांबून म्हणाला.

"चालेल. आता दुसरा कान." डॉक्टर खोलीच्या पार टोकाला, औषधाच्या कपाटापाशी गेले आणि भिंतीकडं तोंड करून ओठातल्या ओठात कुजबुजले. बाकावरच्या झुंबरबाईनं कान टवकारला, मान लांब केली. तिला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

"रांजणी," मच्छिंद्र म्हणाला.

पुन्हा कुजबूज, आणखी बारीक.

"परतूर. आन त्याच्यानंतर तुम्ही म्हणालात, जगन्नाथ, दौत आण."

जगन्नाथ हसला. दौत आली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: सोमवारपासून कामावर, दर पंधरवड्याला कान दाखवणे, पावसात डोक्याला घोंगडी. सही केली आणि शिक्का उमटवला. मच्छिंद्रनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, शाईवर फुंकर मारली, घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, खिशावर हात ठेवला आणि मगच दाराकडं वळला.

झुंबरबाई बाकावरून उतरली होती. कमरेवर हात, पदर खोचलेला. दवाखान्यातले सगळे रोगी, जगन्नाथ, डॉक्टर, बाहेरचा टांगेवालासुद्धा तिच्याकडं बघायला लागले.

"अरे लबाडा!" ती म्हणाली. "भिंतीत तोंड घालून डॉक्टर काय बोलला ते मला न्हाई ऐकू आलं आन तुला आलं? मंग ओट्याम्होरं उभा राहून रामराव बोंबलला ते कसं रं न्हाई आलं? समदं ऐकत होतास तू! समदं!"