पाऊण वाजताचं पाणी

"मानवजातीपुढे आज दोनच वाटा आहेत, उत्सर्जन-घट आणि अनुकूलन," भाषणाची तालीम करत रूबेन मास्तर खाडीकडे हात करून म्हणाले, आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत बांधात गेला.

पाय चिंबोरी खेकड्याच्या बिळात गेला होता. सोबतच्या शेतकरी महिपतीने मास्तरांना आधी बाहेर काढलं आणि मग चपलेला. चपलेला वेळ जास्त लागला. बिळातून पाणी झिरपत होतं, तेव्हा तो मास्तरांपेक्षा बिळाचीच काळजी करत म्हणाला, "मास्तर, भाषान झ्याक हाय. पन अनुकूलन म्हंजे काय ओ?"

"बांध बांधणं."

"मग तसंच सांगा की."

पेणच्या खारपट्टीतलं हे गाव. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. मध्ये माणसांनी डोक्यावरून चिखल वाहून घातलेली भिंत. ती फुटली की खारं पाणी शेतात शिरतं आणि तीन वर्षं तिथे गवतही रुसतं. रोह्याच्या एका ट्रस्टला हवामानाच्या कामासाठी तीन वर्षांचा निधी आला होता. तो बिनधुराच्या चुली आणि झाडांना द्यायचा की बांध आणि त्यातल्या उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला, यावर जाहीर वाद ठेवला होता. कौल सभागृहातल्या हातांचा. गावाने दोन टेम्पो भरून यायचं कबूल केलं होतं.

ट्रस्टने आधी अष्टमीचा शनिवार दिला होता. मास्तर म्हणाले, शनिवार आम्हा ज्यू लोकांचा शब्बाथ, कामाला सुट्टी, रविवार द्या. मिळाला तो आठ दिवसांनंतरचा. मास्तरांनी वहीत तारीख लिहिली. तिथी पाहिली नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांनी तीस वर्षं पोरांना पट्टीच्या साहाय्याने शिकवलं होतं.

रविवारी रोह्याला सभागृह भरलं. गावचं एकही माणूस नव्हतं. पुढच्या तीन रिकाम्या रांगांवर 'पेण' असा कागद चिकटवला होता.

विरोधात बोलायला सुरभी होती, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकवणारी. ती गोड बोलली आणि नेमकी बोलली. मागच्या वर्षी जपानात देश जमले ते धूर कमी करण्यासाठी. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ? "सर, दर्या चढत गेला तर बांध किती उंच करणार?"

मास्तर उठले. मानवजात आणि तिच्या दोन वाटा ओठावर आल्या होत्या. नजर रिकाम्या रांगांकडे गेली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. काल अमावस्या झाली. आज प्रतिपदा. एक गुणिले पाऊण. घड्याळात पाऊणच वाजत होता.

त्यांनी कागद मिटला.

"सुरभी म्हणते ते खरं आहे. नळ बंद केलाच पाहिजे. पण तो नळ आमच्या घरात नाही. माझ्या गावातल्या सगळ्या चुली विझवल्या तरी दर्याला कळणारसुद्धा नाही. धूर ज्यांचा, त्यांनी तो आवरावा, आणि तोवर आम्हाला बुडू देऊ नये. बांध किती उंच, ते मला ठाऊक नाही. एक दिवस तो पुरणारही नाही. पण यंदाचं भात यंदा वाचवावं लागतं." त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. "आता पाऊण वाजला. उधाणाची भरती आहे. आमच्याकडे उधाणाला घरटी एक माणूस बांधावर उभा राहतो, दुसरा मागून माती पुरवतो. म्हणून या खुर्च्या रिकाम्या. तारीख मी मागून घेतली होती. चूक माझी."

कौल झाला. चुली एकेचाळीस, बांध दोन. एक हात मास्तरांचा. दुसरा सुरभीचा.

"नियमात बसतं," ती म्हणाली. "वक्त्याने कुठं हात करायचा ते लिहिलेलं नाही."

मास्तर मिळेल त्या एसटीने गावी पोचले, तेव्हा ओहोटी लागली होती. चिंबोरीच्या बिळापाशी बांध हातभर खचला होता, पण फुटला नव्हता. हरल्याचं त्यांनी महिपतीला सांगितलं. तो म्हणाला, व्हय, मग उद्या येताना जुनी चप्पल घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभी ट्रस्टच्या अध्यक्षांना घेऊनच आली. अध्यक्ष बांधावर चढले, खचलेली जागा पाहिली, आत हिरवं भात आणि बाहेर खाडी पाहिली. पुढच्या भरतीआधी माती भरायची म्हणून सगळं गाव रांगेत उभं राहून चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे देत होतं. रांगेच्या टोकाला महिपतीची बायको शकू होती.

अखेर अध्यक्षांनी घसा साफ केला. एकेचाळीस हातांचा मान राखून चुलींना एक हिस्सा राहील, पण विश्वस्तांपुढे आपण दोन हिस्से बांधाला मागणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. मग खाडीकडे हात केला. "मंडळी, मानवजातीपुढे आज..."

"सायब," शकू म्हणाली, "जरा पाय उचला. ढेपेवर उभं हाव तुमी."