मेन रोडच्या अलीकडचं घर

शाळेच्या ऑफिसात दयानंद कारकुनाने कावेरीची फाईल उघडली, दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि जीभ टाळूला लावून च्च केलं. माणूस असं च्च करतो तेव्हा समजावं, की आता आपलं काही खरं नाही.

"ताई, घोटाळा आहे हो," तो मराठीत म्हणाला. दयानंद मूळचा निपाणीचा. गोड बोलायचं असलं की मराठी काढायचा आणि नाही म्हणायचं असलं की कन्नडात शिरायचा. ही त्याची खोड कावेरीने पहिल्या पाच मिनिटांतच ओळखली होती, कारण ती स्वतः खानापूरची. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला अशी माणसं लगेच वासावरून कळतात.

"कसला घोटाळा?"

"आधारवर पत्ता आहे फोर्थ क्रॉस. रेशन कार्डावर पत्ता आहे मेन रोड. मेन रोड पलीकडच्या वॉर्डात येतो. म्हणजे तुम्ही राहता पलीकडे, आणि सीटसाठी पत्ता केलात अलीकडचा. असे पुष्कळ येतात."

कावेरीची कानशिलं तापली. लेक धनू, चार वर्षांची धनलक्ष्मी, तिच्या पदराला धरून उभी होती आणि भिंतीवरचा हत्ती बघत होती. खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांसाठी कावेरीने ऑनलाइन अर्ज भरला होता. बेंगळुरूसारख्या शहरात अशा जागेसाठी घर शाळेच्याच वॉर्डात लागतं. आणि वॉर्डात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगीचं नावच यादीत येत नाही. यांच्या वॉर्डात दोन्ही नव्हत्या, म्हणून ही एक शाळा यादीत आली. एकच! लॉटरीत धनूचं नाव लागलं, मोबाइलवर मेसेज आला तेव्हा कावेरीने गारमेंटच्या फ्लोअरवर मशीन थांबवून शेजारच्या चौघींना तो वाचून दाखवला होता. सुपरवायझर ओरडला, तरी वाचला.

"एकच घर आहे ते," ती म्हणाली. "आमच्या घरमालकांनी गेट बदललं. आधी मेन रोडला होतं, आता बाजूच्या गल्लीत, फोर्थ क्रॉसला आहे. कोपऱ्यावरचं घर आहे."

"आगल्ल, आगल्ल," दयानंद म्हणाला. जमत नाही. कन्नड सुरू झालं म्हणजे विषय संपला. "उद्या चार वाजेपर्यंत कागद सरळ करून आणा. नाहीतर जागा दुसऱ्या फेरीला जाईल."

चोरी केली असती तर बोलणी ऐकून घेतली असती, पण न केलेल्या चोरीची बोलणी कुणी ऐकावीत? कावेरीने फाईल उचलली, धनूला काखोटीला मारलं आणि बाहेर आली. रडू येत होतं, पण राग त्याच्या पुढे धावला. ज्योतिबाला, म्हणजे नवऱ्याला, तिने फोन लावला. तो टेंपो घेऊन देवनहळ्ळीला माल पोचवायला गेला होता.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "आपल्यासारख्यांचं घोडं असंच अडतं कुठंतरी. दुसरी शाळा बघू."

"दुसरी शाळा यादीत आहे का? नाही ना? मग जाऊ दे काय म्हणतोस? तू गाडी चालव, मी बघते."

ती सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. तिथे बाकावर दीड तास बसली. मग टेबलापुढे उभी राहून तिने सगळं सांगितलं आणि साध्या कागदावर कन्नडात तक्रार लिहून दिली. अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अर्ज संगणकावर उघडला.

"रस्त्याचं नाव बघायचं नसतं," त्या म्हणाल्या. "इमारत वॉर्डाच्या हद्दीत उभी आहे की नाही, ते बघायचं. उद्या सकाळी आमचा माणूस नकाशा घेऊन जागेवर येईल. घर हद्दीत निघालं तर शाळेला प्रवेश द्यावाच लागेल. नाही निघालं तर अर्ज रद्द. चालेल?"

"चालेल," कावेरी म्हणाली. तिला तरी कुठे ठाऊक होतं, वॉर्डाची रेघ नेमकी कुठून जाते ते! घर, दुकान, बसस्टॉप, एवढंच माणसाला माहीत असतं. रेघा कागदावर असतात.

संध्याकाळी तिने घरमालकांना गाठलं. जयसिंगराव म्हणजे बेंगळुरूतल्या जुन्या मराठा घराण्यातले. चिकपेटेत कापडाचं दुकान, बोलण्यात निम्मं कन्नड. पोराचं लग्न जमेना म्हणून तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा वास्तूवाल्याने त्यांना सांगितलं, पश्चिमेचं गेट बुजवा, उत्तरेला काढा. त्यांनी एका आठवड्यात काढलंही. लग्न अजून जमलेलं नव्हतं. जुन्या पत्त्यावर दारच सापडेना, भाडेकरूंच्या गॅसच्या टाक्या मात्र सहा महिने परत जात राहिल्या, म्हणून कावेरीने आधारवर पत्ता बदलला. रेशन कार्ड राहून गेलं.

"उद्या सरकारी माणूस येणार आहे. गेट तुम्ही हलवलंत एवढं सांगा."

"अय्यो, नको गं अम्मा," जयसिंगराव गडबडले. "वास्तूचं कशाला सांगायचं सगळ्यांना? लोक हसतात. पोरीकडचे लोकही चौकशा करतात, घराला काय दोष आहे म्हणून."

"अण्णा, तुमच्या पोराचं लग्न आज ना उद्या होईल. माझ्या पोरीची शाळा उद्या चारलाच जाईल. हसले तर हसू देत."

जयसिंगरावांनी मान खाली घातली. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. "स्वल्प लवकर बोलव, दुकान उघडायचं असतं."

सकाळी दहाला खात्याचा माणूस आला. दामोदर नाव, आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा. त्याच्या मागोमाग स्कूटरवरून दयानंदही आला. शाळेने पाठवलं असणार. एका पोरीच्या जागेसाठी एवढी धावपळ! फी भरणाऱ्याच्या दारात कधी गेले असते का हे?

जयसिंगराव पंचा खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला. मधला तुकडा नव्या विटांचा होता, रंगही दोन छटा उजळ. "इथं होतं गेट," ते म्हणाले, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, पोराच्या लग्नासकट. दामोदर हसला नाही. त्याने लिहून घेतलं: दोन्ही पत्ते एकाच इमारतीचे.

कावेरीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दयानंद पुढे झाला.

"सरी सार, एकच घर. पण मग खरा पत्ता मेन रोडचाच ना? गेट इकडचं तिकडं केलं म्हणून घर हलत नाही. मेन रोड पलीकडच्या वॉर्डात आहे. आमच्याकडे वॉर्डाची रस्त्यांची यादी आहे." त्याने खरंच यादी काढली. पलीकडच्या वॉर्डाच्या यादीत तिसरं नाव मेन रोड, ठळक छापलेलं.

दामोदरने यादी वाचली, कपाळ चोळलं. कावेरीनेही वाकून वाचलं. छापलेलंच होतं की! नकाशा अजून त्याच्या पिशवीतच होता आणि माणूस यादीकडेच बघत होता. धनू पायरीवर बसून चपलेचा पट्टा काढत होती, लावत होती.

कावेरीने पदर खोचला.

"दयानंदअण्णा, एक सांगा. तुमची शाळा कुठं आहे?"

"म्हणजे?"

"पत्ता विचारते. शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय? रोज बघते मी कामाला जाताना. मेन रोड लिहिलंय की नाही? आमच्याच बाजूला, इथनं चार इमारती सोडून. मोठं गेट मेन रोडलाच उघडतं."

दयानंदने शाळेच्या दिशेला बघितलं.

"मेन रोडचं सगळं पलीकडच्या वॉर्डात, तर शाळापण पलीकडचीच! मग ती आमच्या वॉर्डाच्या यादीत आली कशी? तुम्हाला अलीकडच्या वॉर्डाची पोरं दिली कुणी? सार, घ्या लिहून. एकतर आम्ही दोघं आत, नाहीतर दोघं बाहेर. शाळेला एक रेघ आणि माझ्या पोरीला दुसरी, असं चालणार नाही. मी चालू देणार नाही!"

रस्त्यावर चार माणसं थांबली. जयसिंगराव पंच्याआड हसले. आदल्या दिवशी लोक हसतील म्हणून घाबरणारा माणूस!

दामोदरने आता नकाशा काढला, स्कूटरच्या सीटवर पसरला. हद्दीची रेघ उत्तरेकडून येत होती आणि मेन रोडच्या मधोमध चालत खाली उतरत होती. त्याने बोट ठेवलं. रस्त्याच्या पश्चिमेची घरं त्या वॉर्डात, पूर्वेची, म्हणजे हे घर आणि शाळा, या वॉर्डात. रस्ता हद्दीवरचा, म्हणून दोन्हीकडच्या यादीत.

"अलीकडच्या वॉर्डाची यादी आणलीत का?" त्याने विचारलं.

दयानंदने आणली नव्हती. दामोदरने आपल्या पिशवीतली काढली. सातवं नाव, मेन रोड, पुढे कंसात, पूर्व बाजू.

"घर हद्दीत," दामोदर म्हणाला आणि तिथेच, स्कूटरच्या सीटवर, अहवाल लिहून सही केली. एक प्रत कावेरीला, एक दयानंदला. "आजच प्रवेश नोंदवा. चार वाजायची वाट बघू नका."

कावेरीने कागद दोनदा वाचला. मग तिला रडू आलं, आलं ते आलंच, भर रस्त्यात. धनू घाबरून तिला बिलगली. "आई, शाळा नाही का मिळाली?" "मिळाली गं बाई, मिळाली!" ती म्हणाली आणि नाक पुसलं.

तासाभरात ती शाळेच्या ऑफिसात होती. दयानंदने रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्त्याच्या रकान्याशी थबकला आणि फोर्थ क्रॉस लिहिलं. शिक्का मारताना त्याने तो जरा जास्तच जोरात मारला.

"झालं," तो म्हणाला, आणि यावेळी मराठीत. "पण ताई, एक सांगतो. पुस्तकं, युनिफॉर्म, गॅदरिंग, इथं वर्षभर काही ना काही निघत असतं. दर वेळी असं भांडायला येणार का तुम्ही?"

"येईन की," कावेरी म्हणाली. "जवळच तर राहते."